लोकलच्या गर्दीतील तीन तास

मागच्या वर्षी ९ जूनला, सोमवारी सकाळी, आमच्या आपांचा माहूरहून आम्हाला फोन आला. बकरी ईद होऊन दोनच दिवस झाले होते. आपांनी टीव्हीवर बातमी पाहिली होती. मुंब्रा आणि दिवा या स्टेशनांदरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले होते, आणि त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. आपांचा थोरला मुलगा, म्हणजे आमचा भाचा, मुंब्र्याच्या कौसा भागात राहतो आणि रोज त्याच मार्गाने कामाला जातो. त्याचा फोन लागत नव्हता. चाळीस मिनिटांनी लागला. तो आदल्या गाडीने निघाला होता आणि गोदामात हिशेबाच्या वहीवर बसला होता. अलहम्दुलिल्लाह, तो सुखरूप होता. पण त्याने फोनवर जे सांगितले ते आमच्या मनातून गेले नाही. तो म्हणाला, "मामू, मी पण दारातच उभा राहतो. आत गेलो की जीव घुसमटतो."

पावसाळ्यात तो चार दिवसांसाठी गावी आला. नंदीग्राम एक्स्प्रेसने किनवट, तिथून एसटीने माहूर. घरात शांतता, अंगणात पावसाचा आवाज, पण तो एका जागी स्वस्थ बसू शकत नव्हता. मुलाने पाण्याचा ग्लास सांडला तर त्याच्यावर इतक्या जोरात ओरडला की आपा स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. रात्री तो आमच्याजवळ बसला आणि म्हणाला, "काम जड नाही मामू. मालक चांगला आहे. पण घरी पोहोचेपर्यंत माझ्यात काही उरत नाही."

नांदेड, लातूर, परभणीतली किती तरी घरे आज अशी आहेत. मुलगा किंवा जावई मुंबईला, घर मुंब्रा, कुर्ला किंवा मीरा रोडला, आणि दिवसाचे तीन तास लोकलमध्ये. म्हणून या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे. गर्दी आपल्याला कमी करता येत नाही. मग त्या तीन तासांत मनावरचा ताण कशाने वाढतो, आणि कशाने उतरवता येतो?

गर्दी म्हणजे नेमकी किती?

रेल्वेच्या भाषेत मुंबईच्या गर्दीसाठी एक खास शब्द वापरला जातो, 'सुपर डेन्स क्रश लोड'. त्याचा अर्थ असा की डब्यात उभे राहण्याच्या एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ माणसे. आपली जानमाज डोळ्यांसमोर आणा. तिच्यापेक्षा जरा मोठी जागा, आणि त्यात चौदा-सोळा माणसे. अशा गर्दीत हात वर केला तर खाली घेता येत नाही आणि खाली असला तर वर नेता येत नाही.

भाचा मुंब्र्याहून धीम्या लोकलने मशीद स्टेशनला जातो. कळवा, ठाणे, मुलुंड, नाहूर असे करत मशीद हे एकोणिसावे स्टेशन येते. गाडीतच सव्वा तास जातो. रिक्षा, जिना आणि पायी चालणे धरून जाऊन-येऊन तीन तास सहज होतात.

साधा विचार केला तर वाटते की जितका वेळ जास्त आणि जितकी माणसे जास्त, तितका ताण जास्त. पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९७० च्या दशकात स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात रोज रेल्वेने कामाला जाणाऱ्यांची तपासणी झाली होती. माणूस तणावात असला की त्याच्या शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य वाढते आणि लघवीच्या तपासणीत ते मोजता येते. संशोधकांनी एकाच गाडीतले दोन गट घेतले. एक गट पहिल्या स्टेशनवर चढणारा, ज्याचा प्रवास जवळपास ऐंशी मिनिटांचा होता. दुसरा गट मध्येच चढणारा, ज्याचा प्रवास त्याच्या साधारण निम्मा होता. अपेक्षा अशी की जास्त वेळ बसणारा जास्त थकेल. निघाले उलटे. मध्येच चढणाऱ्यांचा ताण जास्त होता.

कारण समजायला कठीण नाही. पहिल्या स्टेशनवर चढणारा रिकाम्या डब्यात शिरतो, कुठे बसायचे ते स्वतः ठरवतो, पिशवी ठेवतो, स्थिर होतो. गर्दी नंतर त्याच्या भोवती जमते. मध्येच चढणारा मात्र भरलेल्या डब्यात शिरतो. जागा मिळेल की नाही, कुठे उभे राहावे लागेल, यातले काहीच त्याच्या हातात नसते. पुढे अमेरिकेत न्यू जर्सीच्या रेल्वे प्रवाशांवर झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. आजचा प्रवास कसा होईल याचा अंदाज ज्यांना बांधता येत नव्हता, त्यांना ताण जास्त होता.

म्हणजे माणसाला गर्दी जितकी थकवते, त्याहून जास्त 'माझ्या हातात काही नाही' ही भावना थकवते. म्हणून उपाय शोधायचा तर प्रवासातल्या कोणत्या दोन-तीन गोष्टी आपल्या हातात परत घेता येतील, तिथून सुरुवात करायला हवी. भाच्याबरोबर बसून आम्ही हेच केले.

पहिली गोष्ट : कुठून चढायचे

मुंब्र्याला लोकल येते ती कल्याण, डोंबिवलीकडून भरून. सकाळी तिथे चढणारा हा स्टॉकहोमच्या त्या दुसऱ्या गटातला माणूस. पण दोनच स्टेशने पुढे ठाणे आहे, आणि ठाण्याहून सुटणाऱ्या धीम्या गाड्या आहेत. भाच्याने ठरवले की मुंब्र्याहून वीस मिनिटे आधी निघायचे, दहा-बारा मिनिटे गर्दीत उभे राहून ठाणे गाठायचे आणि तिथे सुटणारी गाडी पकडायची. पासात काही बदल लागत नाही, कारण ठाणे वाटेतच आहे.

पहिला आठवडा वाईट गेला. ठाण्याला गाडी लागते तेव्हा ती पूर्ण थांबायच्या आतच लोक उड्या मारून जागा धरतात. भाचाही धावला, एकदा गुडघ्याला खरचटले. मग आम्ही त्याला सांगितले, "बेटा, जागेसाठी धावायचे असेल तर ताण घरीच काय कमी होता?" तेव्हा त्याने नियम केला. गाडी थांबल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि पहिली गाडी भरली तर ती सोडून पुढच्या सुटणाऱ्या गाडीसाठी पुढे उभे राहायचे. त्यासाठी घरून आणखी दहा मिनिटे आधी निघावे लागले. दुसऱ्या आठवड्यापासून बहुतेक दिवशी बसायला मिळू लागले, कधी खिडकीला, कधी चौथ्या सीटवर. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर अर्धवट टेकलेली जागा. पण ती मिळाली तरी पाठ टेकते आणि हात मोकळे होतात.

संध्याकाळी याच्या उलट. मशीदला चढण्याऐवजी तो एक स्टेशन मागे, सीएसएमटीला जातो आणि त्याच गाडीत बसून परत निघतो. यासाठी पास मुंब्रा ते मशीद असा असून चालत नाही, तो सीएसएमटीपर्यंतचा लागतो. हे ध्यानात ठेवा. मागे जाऊन बसून येणारे पुष्कळ जण पकडले जातात, कारण त्यांचा पास त्या स्टेशनपर्यंतचा नसतो. डोंबिवली-कल्याणला मागे जाऊन सकाळी जागा धरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. दंडाची भीती मनात ठेवून बसण्यापेक्षा पास वाढवून घेतलेला बरा.

आणि ज्याला आधी जागा मिळाली त्याच्यावर एक हक्कही येतो. लोकलमध्ये अनेक गटांत रीत आहे की बसलेल्याने अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला जागा द्यावी. भाचा घाटकोपरला उठतो. सुरुवातीला त्याला हे जड गेले. आता तो म्हणतो की मी स्वतः ठरवून उठतो, म्हणून उभे राहणे टोचत नाही.

दुसरी गोष्ट : श्वास आणि जिक्र

गर्दीत घुसमट होते तेव्हा बहुतेकांना वाटते की हवा कमी पडते आहे. डब्यात उकाडा असतो हे खरे, पण घाबरलेला माणूस बहुतेक वेळा हवा कमी घेत नाही, जास्त घेतो. तो तोंडाने, छातीच्या वरच्या भागाने, भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि माणूस आणखी घाबरून आणखी जोरात श्वास घेतो. भाचा दाराकडे पळायचा तो याचमुळे. दारातला वारा तोंडावर आला की बरे वाटायचे, पण त्याची किंमत काय असू शकते ते ९ जूनने दाखवले.

उपाय श्वास मोठा करण्यात नाही, सावकाश करण्यात आहे. तोंड बंद, नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास आत, मग सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला साधारण बारा ते सोळा श्वास घेतो. श्वास बाहेर सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडण्याचा वेळ लांब ठेवायचा. पोट फुगवून छाती ताणायची नाही. सोळा माणसांत ते जमतही नाही आणि त्याची गरजही नाही. श्वास छोटाच ठेवा, फक्त हळू.

इथे एक गोष्ट आमच्या वाचकांना रोचक वाटेल. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी तेवीस जणांना ख्रिश्चनांची माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि हृदय तपासले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तो अहवाल छापला गेला. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळली. तसबीहवर असा प्रयोग त्या अहवालात नव्हता, म्हणून आम्ही तिच्या नावाने दावा करत नाही. आणि जिक्र ही इबादत आहे, तिला औषधाची गोळी समजणे योग्य नाही. पण जो माणूस एरवीही जिक्र करतो, त्याने तो भराभर न उरकता श्वासाच्या चालीने केला तर शरीरालाही विसावा मिळेल, एवढे म्हणता येते.

भाचा हे असे करतो. श्वास आत घेताना गप्प. सोडताना मनातल्या मनात एकदा 'सुब्हानल्लाह'. ३३ वेळा ते, ३३ वेळा 'अलहम्दुलिल्लाह', ३४ वेळा 'अल्लाहु अकबर', जसे आपण नमाजनंतर म्हणतो. एकूण शंभर श्वास. दहा सेकंदांनी गुणले तर हजार सेकंद, म्हणजे जवळपास पावणेसतरा मिनिटे. धीम्या गाडीने सीएसएमटीहून दादरला यायला साधारण एवढाच वेळ लागतो. माळ हातात घ्यायला जागा नसते, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजायचे. प्रत्येक बोटाची तीन पेरे धरली तर एका हातावर पंधरा. दोनदा हात पूर्ण झाला आणि वर तीन, की तेहतीस. एक हात दांड्याला, दुसरा मांडीजवळ मोजायला.

यात काय चुकते तेही सांगतो. पहिल्या दिवशी भाच्याने खोल खोल श्वास घेतले आणि त्याला चक्कर आल्यासारखे झाले. असे झाले तर समजावे की हवा जास्त घेतली जात आहे. मोजणे थांबवून नेहमीसारखा श्वास घ्यावा आणि नंतर आणखी छोटा श्वास घेऊन सुरू करावे. चार आणि सहा जमत नसेल तर तीन आणि चारने सुरू करावे. दुसरी चूक म्हणजे घुसमट सुरू झाल्यावरच हे आठवणे. घाबरलेल्या माणसाला नवी गोष्ट जमत नाही. म्हणून आधी आठ-दहा दिवस घरी, फजरनंतर बसल्या जागी सवय करावी. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. उभे असताना डोळे मिटायचे नाहीत, आणि प्लॅटफॉर्मवर किंवा रूळ ओलांडण्याच्या जागी दोन्ही कानांत इअरफोन घालायचे नाहीत.

उभे राहण्याचीही एक रीत आहे

सगळ्यांना बसायला मिळत नाही. उभे राहावे लागले तर गुडघे ताठ करून उभे राहू नये. पाय बराच वेळ स्थिर राहिले की रक्त खाली साचते, मेंदूला कमी पडते आणि माणूस कोसळतो. उकाडा, रिकामे पोट आणि कमी पाणी यांनी हे लवकर होते. रमजानमध्ये रोजा ठेवून संध्याकाळच्या गाडीने येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, आणि सहेरीत पाणी नीट प्यावे.

अशी चक्कर सांगून येते. जांभया येतात, थंड घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. तेव्हा एक पाय दुसऱ्यावर तिढा घालून मांड्या आणि नितंबांचे स्नायू घट्ट आवळावेत, दांडा मुठीत जोराने दाबावा. त्याने रक्त वर चढते आणि वेळ मिळतो. तरीही न थांबल्यास शेजाऱ्याला स्पष्ट सांगून खाली बसावे. लोकलचे लोक कितीही कोंबलेले असोत, 'चक्कर येते आहे' म्हटले की जागा करतात. पाठीवरची पिशवी पुढे छातीवर घ्यावी किंवा वरच्या रॅकवर ठेवावी. पाठीवर ठेवलेली पिशवी मागच्याला टोचते आणि निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात.

पण छातीत जडपणा किंवा दुखणे असेल, ते हात, पाठ किंवा जबड्याकडे जात असेल, दम लागून घाम येत असेल, तर श्वास मोजत बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. सोबतच्यांना सांगून पुढच्या स्टेशनवर उतरावे, स्टेशन मास्तरला गाठावे किंवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर फोन करावा.

तिसरी गोष्ट : संध्याकाळची घाई

भाच्याचा संध्याकाळचा ताण नुसता गर्दीचा नव्हता. हिवाळ्यात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मगरिबची वेळ थोडकी असते. गोदाम सहाला सुटायचे. धावत गाडी पकडली तर मगरिब गाडीत निघून जायची, आणि त्या सव्वा तासात मनाला रुखरुख लागून राहायची. त्याने मालकाशी बोलून घेतले आणि एकच गोष्ट पक्की केली. ज्या महिन्यांत मगरिब प्रवासात येते, त्या महिन्यांत जवळच्या मशिदीत नमाज करूनच स्टेशनवर जायचे. घरी पोहोचायला अर्धा तास उशीर होतो. पण रोज संध्याकाळी 'पकडू की थांबू' ही जी झटापट मनात चालायची, ती संपली. रोज नव्याने घ्यावा लागणारा निर्णय एकदाच घेऊन टाकला की त्याचे ओझे उतरते.

दुसरी घाई घरातून येत होती. मुलुंडला एक फोन, ठाण्याला एक, कळव्याला एक : "कुठे पोहोचलात?" बायको काळजीने विचारायची, पण खिशातून फोन काढायला त्याला दोन माणसांना ढकलावे लागायचे. शिवाय ठाण्यालाच दाराकडे सरकायला लागते, नाहीतर मुंब्र्याला उतरता येत नाही. आता ठरले आहे की गाडीत बसल्यावर तो एक संदेश पाठवतो आणि मुंब्र्याला उतरल्यावर दुसरा. मधे कोणी फोन करत नाही. गावाकडच्यांनीही हे पाळावे. आपा आता रात्री नऊनंतरच फोन करतात.

बायकांच्या डब्यात

बायकांचा प्रवास वेगळा असतो, कारण त्यांचे काम घरी पोहोचल्यावर पुन्हा सुरू होते. बायकांच्या डब्यात मेथी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या बायका मुंबईला नव्या नाहीत. लोक हसतात, पण त्यात शहाणपण आहे. घरची अर्धी तयारी गाडीत झाली की रात्रीची एक धावपळ कमी होते. मात्र आमचे एक म्हणणे आहे. दोन्ही वेळेचा प्रवास कामाने भरू नका. सकाळचा किंवा संध्याकाळचा, एक तरी प्रवास फक्त तुमचा असू द्या. मैत्रिणीशी बोला, पुस्तक वाचा, खिडकीबाहेर पाहा किंवा झोपा. आणि घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावे की गाडीत मेथी निवडावी लागते, कारण ती घरी दुसरे कोणी निवडत नाही.

घराच्या दारातली दहा मिनिटे

आम्हाला सर्वांत जास्त काळजी होती ती भाच्याच्या मुलाची. बाप घरात शिरला की तो दुसऱ्या खोलीत जायचा. गाडीतला राग गाडीत उतरत नाही, तो चप्पल काढताना उतरतो, आणि समोर जो लहान असतो त्याच्यावर उतरतो.

म्हणून घरातल्यांनी मिळून ठरवले. अब्बू आले की सलाम, पाणी, आणि मग दहा मिनिटे कोणी काही विचारायचे नाही. बिल नाही, शाळेची तक्रार नाही, गावचा निरोप नाही. तो हातपाय धुतो, वजू करतो, कपडे बदलतो, पंख्याखाली बसतो. दहा मिनिटे झाली की तो स्वतः मुलाला हाक मारतो. हाक त्याने मारायची हे महत्त्वाचे. पहिल्या आठवड्यात मुलगा आला नाही. नंतर येऊ लागला, आधी वही घेऊन, मग रिकाम्या हाताने.

बदल होतो आहे की नाही हे कळण्यासाठी त्याने एक साधी गोष्ट केली. रोज गोदामात पोहोचल्यावर आणि घरी आल्यावर तो शून्य ते दहामध्ये एक आकडा खिशातल्या डायरीत लिहायचा : आत्ता मी किती तापलेलो आहे. पहिल्या आठवड्यात आकडे सात-आठचे होते, आणि धावपळीच्या दिवशी नऊ. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळचा आकडा चार-पाचवर आला होता. संध्याकाळचा सहाच्या खाली फारसा आला नाही. मेगाब्लॉकच्या आणि मुसळधार पावसाच्या दिवशी तर काहीच उपयोग झाला नाही. हे आम्ही लपवत नाही. गाड्याच थांबल्या तर सुटणारी गाडी कुठून पकडणार?

आणखी एक मर्यादा आहे. त्याला आता अर्धा-पाऊण तास आधी निघावे लागते. तेवढाच वेळ त्याने रात्री आधी झोपून भरून काढला नसता, तर हा सारा खटाटोप उलटला असता. झोप पाच तासांवर आली तर कोणताही श्वास ती भरून काढत नाही. त्यासाठी रात्रीचा मोबाइल बंद करावा लागला, आणि तेच त्याला सर्वांत कठीण गेले.

ज्यांची झोप दोन-दोन आठवडे उडाली आहे, स्टेशनचा विचार आला तरी छाती धडधडते, किंवा जगण्यातच रस वाटत नाही, त्यांनी हे उपाय करत बसू नये. डॉक्टरांना दाखवावे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या रमजान ईदला भाचा घरी आला. किनवटच्या एसटीतून उतरला तेव्हा मुलगा त्याच्या खांद्यावर झोपला होता. आपांनी पाणी दिले आणि विसरून लगेच विचारले, "गाडीत गर्दी होती का?" मुलाने डोळे उघडले आणि म्हणाला, "दादी, दहा मिनिटे झाल्यावर विचारा."

सगळे हसले, भाचाही. पण त्या रात्री जेवण झाल्यावर आपांनी त्याला जवळ बसवून एकच गोष्ट विचारली : "दारात उभा राहतोस का रे अजून?" तो म्हणाला, "नाही अम्मी. आत उभा राहतो. आता जमते." आपांनी पुढे काही विचारले नाही.